हात दोन, चिठ्ठ्या तेवीस

(ठाण्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

घोडबंदर रोडवर राहणारे इथे बरेच दिसतात, म्हणजे टँकर या विषयावर मी काही बोलायची गरज नाही. आमच्या सोसायटीत टँकरचं बिल वर्षानुवर्षं सगळ्या फ्लॅट्समध्ये सारखं वाटलं जायचं. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी आणि त्यांच्या वरचं सात माणसांचं कुटुंब, दोघांना आकडा एकच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायला सांगितली आहे, पण तेही आमच्याकडे कोणी पाळत नव्हतं. एका वार्षिक सभेत दोन सभासद उठले आणि म्हणाले, घराघरात मीटर बसवा. सभेला साठेक माणसं होती. ‘अनुकूल असलेल्यांनी हात वर करा’ म्हटल्यावर दोनच हात वर आले. सेक्रेटरींनी घाईघाईत ‘नामंजूर’ लिहिलं आणि आम्ही बटाटेवड्याकडे वळलो. माझा हात खालीच होता, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं मानसशास्त्र शिकवूनही.

माझा हात खाली का राहिला, याचं उत्तर सॉलोमन ॲश या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात शोधलं. त्याचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. एक रेघ दाखवायची आणि बाजूच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचं. उत्तर शाळकरी पोरही देईल. पण खोलीतले बाकीचे सगळे आतून सामील असतात आणि ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर देतात. अशा फेऱ्यांमध्ये सुमारे ३७ टक्के उत्तरं घोळक्यामागे गेली. यातली गंमत अशी, की माणसाला उत्तर तोंडाने न सांगता कागदावर लिहायला दिलं, की हे प्रमाण खूप खाली येतं. म्हणजे डोळ्यांना रेघ बरोबरच दिसत असते, माघार घेते ती जीभ. ‘चारचौघांत कशाला’ हे आपलं जुनं वाक्य म्हणजे ॲशचा अख्खा निष्कर्ष आहे.

आता याच्या उलट बाजूला जाऊ. सर्ज मोस्कोविसी हा रुमेनियात जन्मलेला, ज्यू म्हणून तरुणपणी बरंच सोसलेला आणि पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झालेला माणूस. त्याने विचारलं, की सगळे बहुमतामागे जातात तर जगात नवी मतं येतात तरी कुठून? १९६९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ॲशचा प्रयोग उलटा केला. सहा जणींचा गट घेतला. त्यातल्या चौघी खऱ्या, दोघी सामील. आधी सगळ्यांची रंगदृष्टी एकमेकींसमोर तपासली, म्हणजे नंतर कोणी ‘हिला रंगच कळत नाहीत’ म्हणून सुटायला नको. मग ३६ स्लाइड दाखवल्या. सगळ्या निळ्या, फक्त उजळपणा कमीजास्त. सामील दोघींनी छत्तीसच्या छत्तीस वेळा ‘हिरवा’ म्हटलं.

चौघींच्या उत्तरांत ‘हिरवा’ आला ८.४२ टक्के वेळा. हे ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? ॲशच्या ३७ टक्क्यांपुढे हे काहीच नाही. पण सामील माणसं नसलेल्या गटात हाच आकडा ०.२५ होता. आणि त्या दोघींनी ३६ पैकी २४ वेळाच ‘हिरवा’ आणि उरलेल्या वेळी ‘निळा’ म्हटलं, तेव्हा तो १.२५ वर घसरला. निळ्याला अधूनमधून निळा म्हणणं हे खरं तर जास्त बरोबर, तरी परिणाम जवळजवळ पुसला गेला. कारण सरळ आहे. जी बाई कधी हे तर कधी ते म्हणते, तिचं म्हणणं नजरचूक म्हणून सोडून देता येतं. छत्तीस वेळा तेच म्हणणाऱ्या दोघींना तसं सोडता येत नाही. ‘यांना नक्की काय दिसतंय?’ असं मनात येतं आणि आपण पुन्हा स्लाइडकडे बघतो. बहुमतापुढे आपण माणसांकडे बघतो, इथे वस्तूकडे, हा मोस्कोविसीचा मुद्दा.

मला सर्वांत आवडतो तो पुढचा भाग, जो पाठ्यपुस्तकं दोन ओळींत उरकतात. प्रयोग संपल्यावर दुसराच संशोधक आला. आपलं वेगळं काम आहे असं सांगून त्याने निळ्यापासून हिरव्यापर्यंत सरकत जाणाऱ्या छटांच्या १६ चकत्या दाखवल्या. या वेळी मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे होते आणि प्रत्येकीने एकटीने उत्तर लिहायचं होतं. अल्पमताच्या सहवासात बसून आलेल्यांची ‘हिरवा’ म्हणण्याची सीमा निळ्याकडे सरकलेली दिसली. आणि ज्या गटांत कोणीच मोठ्याने ‘हिरवा’ म्हटलं नव्हतं, त्यांच्यात ती जास्त सरकली होती. ॲशकडे जीभ बदलते आणि नजर तशीच राहते. इथे नजर हलली, जीभ मात्र गप्प होती.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. अल्पमताने प्रत्यक्ष दिसणंच बदलतं, असं पुढे दाखवायला गेलेल्या प्रयोगांचे निकाल दुसऱ्यांच्या हाती सारखे आले नाहीत. पण अल्पमताचा परिणाम उघड होकारात कमी आणि खाजगी, आडवळणाच्या उत्तरांत जास्त दिसतो, हे नंतरच्या अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीतही दिसलं.

आणि ठाम म्हणजे घोकंपट्टी नव्हे. शार्लन नेमेथ यांनी १९७४मध्ये दाखवलं, की सामील माणसांची उत्तरं स्लाइडच्या उजळपणाप्रमाणे ठरावीक पद्धतीने बदलत गेली, तरी त्यांचा प्रभाव पडतो. लोक शब्द मोजत नाहीत, त्यामागे काही सूत्र आहे का ते बघतात.

आमच्या त्या दोघांनी हे कुठे वाचलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी ते परत उठले. खजिनदार म्हणाले, ‘अहो, प्रत्येक घरात पाणी तीन पाइपांतून उतरतं, स्वयंपाकघर वेगळं, बाथरूम वेगळी. तीन-तीन मीटर लावायचे का?’ आक्षेप रास्त होता. दोघांनी तो तिथेच मान्य केला. ‘मग आधी एकाच विंगला करून बघू. पण वापरेल त्याने भरावं, हे सोडणार नाही.’ मागणी लवचीक केली, सूत्र हलवलं नाही. हात तरीही दोनच.

तिसऱ्या वर्षी चेअरमन दुसऱ्याच एका भांडणाने वैतागलेले होते. ते म्हणाले, यंदा हातबीत नको, सगळे ठराव चिठ्ठीने. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. मीटरच्या बाजूने तेवीस निघाल्या. ठराव पडला, पण आकडा वाचल्यावर सभेत जी शांतता पसरली ती मला आठवते. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघत होता, की हा त्यातला आहे का.

खरी उलटापालट तिथे झाली. पुढच्या सभेत हात वर करणं आता एकट्या-दुकट्याचं राहिलं नव्हतं. पंधरा-वीस हात वर दिसल्यावर उरलेले बरेच जण तर ॲशच्याच वाटेने आले, शेजाऱ्याचा वर गेला म्हणून आपलाही. मीटर पटले होते म्हणून नव्हे. ‘बी’ विंगला मीटर बसले.

परवा लिफ्टमध्ये खजिनदार भेटले. मला म्हणाले, ‘सर, हे मीटरचं मी पहिल्यापासून सांगत होतो.’ खोटं बोलत नव्हते हो ते. त्यांना खरंच तसं आठवतंय. मूळ बोलणाऱ्या दोघांपैकी एक जण त्याच लिफ्टमध्ये होता. तो चौथ्या मजल्यावर उतरून गेला.