दर्ज शाबूत, वीट खाल्लेली

(दृश्य: भिंतीचा खालचा भाग, अगदी जवळून)

पैठणच्या जुन्या गल्लीत असे वाडे दिसतात. जोतं काळ्या दगडाचं, वर चुन्यात बांधलेली वीट. खालचे तीन फूट नीट पाहा. विटांमधल्या सांध्यांत नंतर भरलेल्या सिमेंटच्या दर्जा चौकटीसारख्या उभ्या आहेत आणि मधली वीट बोटभर आत गेली आहे. हात फिरवला की लाल भुगा लागतो, त्यात पांढरी खारट भुकटी. हाच लोणा.

वीट कच्ची निघाली, असं सगळे म्हणतात. मग वरच्या भागात, जुन्या चुन्यात बसलेली तीच वीट धडधाकट कशी?

जमिनीतली ओल क्षार घेऊन भिंतीत चढते. पूर्वी ती चुन्याच्या दर्जेतून उडून जायची. क्षार दर्जेतच साचायचे, दर्ज झिजायची. सिमेंटची दर्ज दाट; ओल तिथे अडते आणि विटेतून वाट काढते. मग क्षारांचे खडे विटेच्या पृष्ठभागाखाली धरतात, फुगतात आणि पापुद्रा सुटतो. वरून सिमेंटचा गिलावा केला, तर ओल त्याच्याही वर जाऊन डोकं काढते.

(दृश्य: छिन्नीने दर्ज उकरताना)

आधी पाणी कुठून येतं ते पाहायचं. गल्लीचं काँक्रीट जोत्याच्या वर आलंय का? माळवदाची पन्हाळ भिंतीवर गळतेय का? ते न बघता केलेलं काम टिकत नाही.

सिमेंट हातोडी-छिन्नीनेच काढायचं. ब्रेकरने विटा हलतात. दर्ज किमान इंचभर खोल उकरून झाडायची आणि भिंत काही महिने उघडी वाळू द्यायची. मालाचं माप: एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटेचा भुगा, दोन भाग धुतलेली वाळू. सुरखी मऊ भाजलेल्या विटेची हवी. जास्त भाजलेल्या झामा विटेचा भुगा चुन्याशी जुळत नाही. 'पकड यावी' म्हणून मूठभर सिमेंट टाकायचा मोह गवंड्याला हमखास होतो. तो आवरायचा.

भरण्याआधी वीट भिजवायची, माल दाबून बसवायचा. आणि इथेच काम बिघडतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो, पण त्यासाठी ओलावा लागतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात तो आधीच वाळतो. नखाने खरवडला की पीठ निघतं. म्हणून काम दसऱ्यानंतर काढायचं आणि ओली गोणपाटं किमान आठवडाभर टांगून ठेवायची.

रंग चुन्याचाच. प्लास्टिक पेंट लावला की ओल पुन्हा कोंडते.

काही वर्षांनी खालच्या दर्जा भुसभुशीत होतील. तेवढ्याच उकरून पुन्हा भरायच्या.