भित्री भागूबाई कुणी शिकवली?

नमस्कार मंडळी. आज विषय आहे पोरांच्या चिडवण्याच्या गाण्यांचा. मैदानावर एखादं पोर मागे हटलं की बाकीची एकदम कोरसमध्ये सुरू होतात, भित्री भागूबाई, भित्री भागूबाई. तुम्हीही म्हटलं असेल, तुमच्या आईनेही म्हटलं असेल, पण तिने ते तुम्हाला शिकवलं का हो? बहुतेक नाहीच. आपल्याकडे ते आलं आपल्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या पोरांकडून, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी हे जोडपं होतं, त्यांनी सत्तर शाळांतल्या जवळजवळ पाच हजार मुलांकडून अशी गाणी, टोमणे, कोडी गोळा केली आणि 1959 साली पुस्तक काढलं. पाळण्यातली गाणी आई-आजीकडून येतात, म्हणजे एका पिढीतून पुढच्या पिढीत जायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, पण शाळेतल्या गाण्यांची पिढी फक्त सहा-सात वर्षांची, कारण तेवढ्यात मोठी पोरं मैदान सोडून जातात आणि खालून नवी येतात. ओपींचा हिशोब असा की 130 वर्षं टिकलेलं मैदानी गाणं किमान वीस पिढ्यांच्या हातातून गेलेलं असतं, आणि पाळण्यातल्या गाण्याला तेवढ्या पिढ्या व्हायला पाचशे वर्षं लागतील. इतक्या हातांतून जाऊनही ते मोडत नाही, ते कसं काय?

त्यांच्याकडचंच एक उदाहरण घेऊ. चहाडी करणाऱ्या पोराला तिकडची मुलं म्हणतात, चहाडखोरा तुझी जीभ चिरणार आणि गावातल्या सगळ्या कुत्र्यांना एकेक तुकडा मिळणार. ओपींनी लिहून घेतलं तेव्हाच ते दोनशे वर्षांहून जुनं होतं. इंग्रजीत त्याच्या ओळींचे शेवट टिट, स्लिट, बिट असे आहेत, आणि सगळी गंमत तिथेच आहे. एखाद्या पोराला मधला स्लिट, म्हणजे चिरणं, हा शब्द आठवला नाही तर त्या जागी येणारा शब्द अर्थाने जिभेशी जुळायला हवा आणि आवाजाने टिटशी, आणि असे शब्द असून असून किती असणार! डेव्हिड रुबिन या मानसशास्त्रज्ञाने तोंडी परंपरांवर 1995 साली पुस्तक लिहिलं, त्यात हेच आहे, की नुसता अर्थ दिला तर शंभर शब्द सुचतात, नुसतं यमक दिलं तरी ढीगभर सुचतात, पण दोन्ही एकदम लावलं की जवळजवळ एकच उरतो. शिवाय डोळ्यासमोर चित्र काय येतं बघा, कुत्री रांगेत उभी आणि प्रत्येकाला एक तुकडा, हे कोण विसरेल!

आपल्या भागूबाईचंही तसंच. भित्री शांताबाई म्हणून बघा, काही मजाच नाही, तो दुसरा भ आला की जीभ आपोआप धावते. आणि एकटं पोर चुकलं तरी बाकीची दहा एका सुरात म्हणत असतात ना, ती त्याला तिथल्या तिथे ओळीवर आणतात.

पण नुसतं यमक चांगलं आहे म्हणून गाणं टिकत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टिकलेली गाणी कुणावर आहेत ते बघा. चहाडखोर, भित्रा, खोटारडा, रडका आणि खेळात चिडणारा, तो आपला चिडका बिब्बा. हे सगळे पोरांच्या स्वतःच्या कायद्यातले गुन्हे आहेत, मोठ्यांनी केलेले नियम नाहीत, आणि हा कायदा काही बदलत नाही कारण एकत्र खेळायचं तर डाव अर्धा सोडणारा आणि मोठ्यांकडे पळणारा चालतच नाही. एखाद्या नटावर किंवा पुढाऱ्यावर केलेलं गाणं मात्र तो माणूस लोक विसरले की संपतं, नाहीतर पोरं नाव बदलून नवीन माणूस आत बसवतात आणि चाल तीच ठेवतात.

त्यातच उत्तराची सोयही असते. जो म्हणतो तोच असतो, एवढं म्हटलं की टोमणा परत, हिशोब मिटला आणि पुढचा डाव सुरू. चिडवलं जाणारा पोरगा उद्या स्वतः कोरसमध्ये असतो.

आता हे नसेल तेव्हा मात्र गडबड आहे. गाणं वागण्यावर नसून रंगावर, जाडीवर, बोलताना अडखळण्यावर असेल, रोज त्याच एका मुलीसाठी असेल, तिने काही केलेलं नसतानाही सुरू होत असेल आणि ती कधीच दुसऱ्या कुणासाठी म्हणणाऱ्यांत नसेल, तर तो खेळ राहिलेला नाही, तो छळ आहे. तेव्हा 'असं म्हणू नये' असा सरसकट नियम काढून फारसं काही होत नाही, गाणं फक्त मोठ्यांच्या कानाआड जातं. त्या मुलीशी एकटीशी बोला, कोण सुरुवात करतं ते विचारा आणि त्या दोघा-तिघांना गाठा.