मुद्द्यांवरून कथा: आधी तात्पर्य, मग सुरुवात

आज आपण एकच प्रश्न हातात घेऊ आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत लिहू. मुद्दे असे आहेत : सुताराचे दोन शिष्य – शिडी बनवण्याचे काम – एकाची शिडी लवकर तयार – एक पायरी सैल – गुरूंची अट – ... – तात्पर्य. शब्दमर्यादा साधारण १२० धरू.

या ओळीत सगळ्यात महत्त्वाची जागा कोणती? ती तीन टिंबं. बाकीचे मुद्दे दिलेले आहेत, ते सगळ्यांचे सारखेच येणार. तुमची कथा त्या टिंबांत आहे. आणि नेमकी तीच जागा उत्तरपत्रिकेत उपाशी राहते. मुलं पहिल्या मुद्द्यापासून लिहायला लागतात, सुताराचं गाव, त्याचं घर, शिष्यांचे स्वभाव यांत ७०-८० शब्द खर्ची पडतात आणि शेवटी ‘मग त्याला आपली चूक कळली’ एवढ्या एका वाक्यात कथा आटोपते. चूक कशी कळली, हे वाचणाऱ्याला दिसतच नाही.

म्हणून सुरुवात शेवटाकडून करायची. कच्च्या जागेत आधी तात्पर्य लिहा. याच मुद्द्यांतून निदान दोन तात्पर्यं निघतात. ज्याची शिडी लवकर तयार झाली, त्या शिष्याला रघू म्हणू. रघू शिडीवरून पडला, तर कथा सांगते की घाईचं काम वाया जातं. तो पडण्याआधी थांबला आणि खरं बोलला, तर कथा चूक कबूल करण्याची होते. प्रसंग पहिला आणि तात्पर्य दुसरं, अशी गफलत फार वेळा होते : मुलगा पडतो, पाय मोडतो, आणि खाली लिहिलेलं असतं ‘नेहमी खरे बोलावे’. सबंध कथेत कोणी खोटं बोललेलंच नसतं. तपासायची युक्ती सोपी आहे. तात्पर्यावर बोट ठेवून कथा वाचा. बोटाखालचं वाक्य वाचणाऱ्याला आपणहून सुचत नसेल, तर तात्पर्य नव्हे, प्रसंग बदला.

आपण दुसरं तात्पर्य घेऊ. रघूने सैल पायरी रंगाखाली झाकली, असं धरू. आता अट तीच हवी, जिच्यामुळे रघूला लपवलेली गोष्ट लपवता येणार नाही. गुरूंनी शिडी नुसती पाहिली तर रंग त्याला वाचवेल. स्वतः चढायला सांगितलं, तर सुटका नाही. अट अशी ठरली की मधली जागा जवळजवळ आपोआप भरते.

उत्तर असं होईल :

सैल पायरी

एका सुताराकडे रघू आणि केशव हे दोन शिष्य काम शिकत होते. एके दिवशी गुरूंनी दोघांना एकेक शिडी बनवायला सांगितली.

रघूची शिडी दुपारीच तयार झाली. पण तिची चौथी पायरी खाचेत सैल बसली होती. नवी पायरी घडवण्याचा त्याला कंटाळा आला. त्याने फटीत भुसा आणि सरस भरला व वरून रंग दिला.

संध्याकाळी गुरू म्हणाले, “आता ज्याने त्याने आपल्या शिडीवरून छपरावर चढायचे.” केशव सरसर वर गेला. रघू तीन पायऱ्या चढला. पण चौथीवर ठेवायला त्याचा पाय उचलेना. तो खाली उतरला आणि म्हणाला, “गुरुजी, ही पायरी सैल आहे. मी ती रंगाखाली झाकली.”

गुरूंनी काही न बोलता त्याच्या हातात पटाशी दिली. रघूने रात्री जागून पायरी नव्याने बसवली. सकाळी तो त्याच शिडीवरून छपरावर चढला.

तात्पर्य : चूक झाकण्यापेक्षा ती कबूल करून सुधारणे चांगले.

शब्दांची वाटणी बघा. पहिला परिच्छेद दोन वाक्यांत संपला, आणि सर्वांत जास्त शब्द तिसऱ्याला, म्हणजे टिंबांच्या जागेला मिळाले. ‘रघू घाबरला’ असं कुठेही लिहिलेलं नाही. पाय उचलेना, एवढ्यावर ते कळतं. गुरूंनीही उपदेश केला नाही. त्यांनी केला असता, तर तात्पर्य दोनदा आलं असतं आणि वीसेक शब्द फुकट गेले असते.

संपूर्ण कथा भूतकाळात आहे. वर्तमानकाळ फक्त अवतरणचिन्हांच्या आत येतो. ‘रघू चढतो, मग खाली उतरला’ अशी सरमिसळ बहुधा संवादानंतरच्या पहिल्याच वाक्यात होते, म्हणून फेरवाचन करताना आधी तिथेच पाहा. राहिलं शीर्षक. त्यासाठी वर एक ओळ मोकळी सोडा आणि कथा पुरी झाल्यावर भरा. ‘प्रामाणिक शिष्य’ लिहिलंत तर शेवट आधीच फुटतो. ‘सैल पायरी’ म्हटलं, तर त्या पायरीचं पुढे काय झालं, हे वाचावंच लागतं.