मोठी रक्कम पाठवण्याआधी चेकवरचे कोड वाचताना

नमस्कार श्रोते हो. हाताशी चेकबुक असेल तर एक कोरा चेक समोर घेऊन ऐका, म्हणजे सांगतोय ते डोळ्यांनीच पडताळता येईल.

चेकच्या अगदी तळाशी एक पांढरी पट्टी असते आणि तिच्यावर जरा वेगळ्या वळणाचे काळे आकडे छापलेले असतात. चुंबकीय शाईने छापलेले हे आकडे बँकेचं यंत्र वाचतं. डावीकडून पहिले सहा अंक म्हणजे चेकचा नंबर. त्यानंतरचे नऊ अंक म्हणजे एमआयसीआर कोड, म्हणजेच चेकच्या क्लिअरिंगसाठी वापरला जाणारा शाखेचा नंबर. मग पुन्हा सहा अंक आणि शेवटी दोन अंक, ते खात्याचा आणि व्यवहाराचा प्रकार दाखवतात. मधल्या त्या सहा अंकांवर जरा थांबतो, कारण पुष्कळ जण त्यालाच खाते क्रमांक समजतात. तो पूर्ण खाते क्रमांक नव्हे. पूर्ण क्रमांक चेकच्या वरच्या भागात चौकटीत छापलेला असतो आणि तो बँकेनुसार अकरा, चौदा, पंधरा, कुठे सोळा अंकांचाही असतो. पट्टीवरचे सहा अंक फॉर्ममध्ये भरले तर पैसे जाणार नाहीत. गेलेच, तर भलतीकडे जातील.

आता त्या नऊ अंकांचे तीन-तीनचे तीन तुकडे पाडा. पहिला तुकडा शहराचा, दुसरा बँकेचा, तिसरा शाखेचा. शहराचे तीन अंक साधारणपणे तिथल्या पिन कोडच्या पहिल्या तीन अंकांशी जुळतात. म्हणून नागपूरच्या सीताबर्डी, इतवारी, धरमपेठ इथल्या शाखांच्या चेकवर सुरुवातीला ४४० दिसतं. मुंबईचं ४००. दोन्ही सारखेच दिसतात, घाईत नजर हमखास फसते. बँकेचे तीन अंक देशभर तेच राहतात: स्टेट बँकेचे ००२, बँक ऑफ महाराष्ट्रचे ०१४. म्हणजे ४४० आणि त्यापुढे ०१४ दिसलं, तर ती बँक ऑफ महाराष्ट्रची नागपुरातली शाखा. पुढचे तीन अंक कोणती शाखा ते सांगतात.

पण आरटीजीएस किंवा एनईएफटी, म्हणजे चेकशिवाय एका बँकेतून दुसऱ्या बँकेतल्या खात्यात थेट पैसे पाठवताना, हा कोड लागत नाही. मग तो वाचायचा कशाला? साक्षीदार म्हणून. पैसे पाठवायला लागतो तो दुसरा, अकरा अक्षरांचा आयएफएससी कोड. चेकवर तो शाखेच्या नाव-पत्त्याजवळ छापलेला असतो, आणि खात्याच्या स्टेटमेंटवर व पासबुकाच्या पहिल्या पानावर दोन्ही कोड असतात. समोरच्याने रद्द केलेल्या चेकचा फोटो पाठवला असेल, तर शाखेचा पत्ता, नऊ अंकी कोड आणि आयएफएससी या तिघांनी एकच गोष्ट सांगायला हवी. पत्ता इतवारीचा आणि नऊ अंकांची सुरुवात ४०० ने, असं दिसलं तर पैसे थांबवा आणि दुसरा कागद मागवा. कदाचित फोटो दोन वेगवेगळ्या कागदांचे असतील, कदाचित कोणी त्यात फेरफारही केला असेल. कारण काय ते नंतर शोधता येईल.

आयएफएससीची रचना सोपी आहे. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची: SBIN स्टेट बँक, MAHB बँक ऑफ महाराष्ट्र, BKID बँक ऑफ इंडिया. पाचव्या जागी कायम शून्य. हा अंक शून्य आहे, इंग्रजी ओ नव्हे, आणि शाखेत हाताने स्लिप भरताना सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. फोनवर कोणी कोड सांगत असेल तर त्याला तिथे ‘शून्य’च म्हणायला लावा. उरलेली सहा अक्षरं शाखेची. तिथे बहुतेक वेळा अंक असतात, पण नेहमीच नसतात, आणि नागपूर जिल्ह्यात नेमका हाच प्रकार पुष्कळांना अडवतो.

एक उदाहरण घेऊ. कळमना बाजारातल्या एका व्यापाऱ्याला भिवापूरकडच्या विक्रेत्याला मिरचीचे सहा लाख पंचाहत्तर हजार रुपये द्यायचे आहेत. रक्कम दोन लाखांच्या वर आहे, म्हणून आरटीजीएस चालेल. विक्रेत्याने पासबुकाचा फोटो पाठवलाय. बँक विदर्भ कोकण ग्रामीण बँक, आणि आयएफएससीच्या जागी छापलंय BKID0WAINGB. व्यापारी बुचकळ्यात पडतो. शेवटी अंक नाहीत, अक्षरं आहेत. वर बँक ग्रामीण, पण कोडची सुरुवात बँक ऑफ इंडियाची. त्याला वाटतं, छपाईत चूक असेल. मग तो बँक ऑफ इंडियाच्या जवळच्या एखाद्या शाखेचा अंकी कोड शोधतो आणि आपल्या मनानेच तो ‘दुरुस्त’ करून टाकतो.

इथेच घात होतो. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेची प्रायोजक बँक ऑफ इंडिया होती, म्हणून चार अक्षरं तिची. शेवटची सहा अक्षरं एखाद्या शाखेची नसून अख्ख्या ग्रामीण बँकेची होती, सगळ्या शाखांना एकच कोड. तो बदलून बँक ऑफ इंडियाच्या एखाद्या शाखेचा कोड टाकला, की ग्रामीण बँकेचा खाते क्रमांक बँक ऑफ इंडियाच्या खात्यांत शोधला जातो. सापडला नाही तर पैसे परत येतात, तेवढ्यावर निभावतं. पण तो क्रमांक तिथे कोणा दुसऱ्याचा असला, तर रक्कम त्याच्या खात्यात जमा होते.

या उदाहरणात आणखी एक पेच आहे. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि जुनी महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र होऊन एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली, आणि तिची प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र आहे. त्यामुळे जुन्या पासबुकातला कोड तसाच उचलू नका. विक्रेत्याला त्याच्या शाखेतून आजच्या तारखेचं स्टेटमेंट किंवा नवं पासबुक आणायला सांगा आणि त्यावरचा कोड व खाते क्रमांक दोन्ही वापरा. हे फक्त ग्रामीण बँकांपुरतं नाही. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. जुने कोड पुढे बंद झाले. सिंडिकेटचे SYNB ने सुरू होणारे कोड १ जुलै २०२१ पासून चालेनासे झाले. लोकांच्या कपाटात मात्र ती चेकबुकं अजून पडलेली असतात. चेकवर SYNB, ORBC किंवा CORP दिसलं, तर तो कागद बाजूला ठेवा.

लहान सहकारी बँकांचंही असंच असतं. पैसे पाठवण्याच्या यंत्रणेत त्या एखाद्या मोठ्या बँकेमार्फत येत असल्या, तर कोडची पहिली चार अक्षरं त्या मोठ्या बँकेची असतात. ती विसंगती संशयास्पद नसते, पण कोड त्या सहकारी बँकेच्या शाखेतूनच घ्यायला हवा.

आता मुळातली गोष्ट. पैसे नावावर जात नाहीत, खाते क्रमांकावर जातात. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच स्पष्ट केलंय की इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आलेली रक्कम फक्त खाते क्रमांकाच्या आधारे जमा करता येते आणि बरोबर माहिती देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. म्हणून कोडच्या चुकांची किंमत सारखी नसते. बँक तीच, पण शाखेचे अंक चुकून दुसऱ्या शाखेचे पडले, तर बहुतेक वेळा पैसे योग्य खात्यातच जमा होतात, कारण त्या बँकेत तो खाते क्रमांक एकाच ग्राहकाचा असतो. बँकच चुकली तर वर सांगितलेला धोका. आणि खाते क्रमांकाचा एक अंक चुकला, तर कोड कितीही अचूक असला तरी तो वाचवत नाही. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ त्या अंकांवर द्यावा. तीन-तीनच्या गटांत मोठ्याने वाचा, दुसऱ्या माणसाला कागद धरायला सांगा, आणि क्रमांक दोनदा टाकायची सोय असेल तर दुसऱ्यांदा पहिल्या रकान्यातून उचलू नका, कागद बघून टाका.

यावर चांगला उपाय आता बँकांमध्ये आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०२४ च्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी लाभार्थ्याचं नाव आधी दाखवायची सोय बँकांना द्यायची होती. खाते क्रमांक आणि आयएफएससी भरला की ते खातं कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. शाखेत काउंटरवर जाऊन पैसे पाठवणाऱ्यालाही ही सोय मागता येते आणि तिचे पैसे पडत नाहीत. दिसलेलं नाव चेकवर छापलेल्या नावाशी जुळवा. दुकानाच्या नावाऐवजी मालकाचं नाव दिसू शकतं, म्हणून खातं कोणत्या नावाचं आहे ते समोरच्याला आधीच विचारून ठेवा. भलतंच नाव आलं तर रक्कम पाठवायचीच नाही. नाव दिसायची सोय चालत नसेल, तर आधी एक रुपया एनईएफटीने पाठवा, तो मिळाल्याचं समोरच्याकडून फोनवर ऐका आणि मग त्याच जतन केलेल्या लाभार्थ्याला मोठी रक्कम पाठवा. नव्याने सगळं टाइप केलं तर त्या एका रुपयाचा काही उपयोग उरत नाही.

आयएफएससी टाकल्यावर पडद्यावर बँक आणि शाखा उमटते, तिकडेही बघा. चेक सीताबर्डीचा आणि पडद्यावर अमरावती आलं, तर एखादा अंक चुकला आहे. कोडची अधिकृत यादी रिझर्व्ह बँकेच्या rbi.org.in या संकेतस्थळावर मिळते. शोधयंत्रात वर येणाऱ्या भलत्या पानांवर बंद पडलेले कोडही तसेच राहतात, म्हणून मी तिकडे पाठवणार नाही.

पैसे गेल्यावर यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक मिळतो. आरटीजीएसचा यूटीआर बावीस अक्षरांचा असतो. त्याची पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची असतात आणि पुढे व्यवहाराची तारीखही त्यातच असते. साधारणपणे अर्ध्या तासात रक्कम जमा व्हायला हवी. जमा करता येत नसेल, तर घेणाऱ्या बँकेने ती एका तासात, किंवा त्या दिवसाचं आरटीजीएस संपण्याआधी, यातलं जे आधी असेल तेव्हा परत करायची असते. एनईएफटीत पैसे दर अर्ध्या तासाच्या बॅचने जातात, आणि जमा न झालेली रक्कम त्या बॅचनंतर दोन तासांत परत यायला हवी. तेवढी वेळ टळली आणि समोरच्याला पैसे नाहीत, तर यूटीआर घेऊन आपल्याच बँकेत लेखी तक्रार द्या, आणि खाते क्रमांक चुकला असल्याचा संशय असेल तर त्याच क्षणी फोनही करा. दुसऱ्याच्या खात्यात गेलेली रक्कम बँक त्या खातेदाराच्या संमतीशिवाय सहसा काढून देऊ शकत नाही, म्हणून ती काढून घेतली जाण्याआधी तुमची तक्रार तिथे पोहोचणं गरजेचं असतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठीचा मदत क्रमांक १४४४८ आहे.