नाकावरून ताप कळत नाही

(दृश्य: कुत्र्याच्या नाकावर टेकवलेला हात)

कुत्र्याने जेवणाकडे पाठ फिरवली की घरातला कोणी ना कोणी आधी त्याच्या नाकाला हात लावतो. नाक कोरडं आणि गरम लागलं की निकाल लागतो : ताप आहे. पण नुकत्याच झोपेतून उठलेल्या ठणठणीत कुत्र्याचं नाकही कोरडं आणि गरम असतं. उलट अंगात १०४ ताप असताना नाक ओलं, गार लागू शकतं. कान आणि पोट चाचपूनही फारसं हाती लागत नाही, कारण कुत्र्याचं शरीर मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. निरोगी मोठ्या कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस. ज्या आकड्याला आपण अंथरूण धरतो, त्या आकड्यावर कुत्रं चेंडूमागे पळत असतं.

(दृश्य: टेबलावर डिजिटल थर्मामीटर, पेट्रोलियम जेली, कापूस)

घरच्या घरी मोजायचं तर शौचमार्गातूनच. कपाळावर रोखायची बंदूक केसांपुढे हतबल होते. माणसाच्या कानाचा थर्मामीटरही चालत नाही, कारण कुत्र्याची कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. यंत्राची नजर पडद्यापर्यंत पोचतच नाही. काखेत मोजलं तर आकडा कमी येतो आणि किती कमी, तेही दर वेळी सारखं नसतं. साधा, लवचिक टोकाचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा आणि त्यावर कुत्र्याचं नाव लिहून ठेवावं. का, ते सांगायला नको.

माणसं दोन असली तर काम सोपं होतं. एकाने डोक्याकडून कुत्र्याला कवेत धरायचं, दुसरा हात पोटाखाली ठेवायचा, म्हणजे ते मटकन बसणार नाही. दुसऱ्याने टोकाला भरपूर जेली लावायची, शेपटी मुळाशी धरून अलगद वर करायची आणि थर्मामीटर हळूच फिरवत आत सरकवायचा. मध्यम कुत्र्याला अडीच सेंटिमीटर पुरे, छोट्या जातीला त्याहून कमी. अडलं तर जोर करायचा नाही. आत गेल्यावर टोक किंचित तिरकं करून कडेच्या भिंतीला टेकवायचं आणि बीप होईपर्यंत तसंच धरायचं. कुत्रं गुरगुरत असेल, चावायला येत असेल किंवा त्या जागी जखम असेल, तर हा खटाटोप दवाखान्यावर सोडावा.

भिंतीला टेकवण्याचा आग्रह कशासाठी, ते राणीच्या उदाहरणावरून कळेल.

(दृश्य: कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेली कुत्री)

राणी सात वर्षांची, नसबंदी न झालेली कुत्री. संध्याकाळी तिने ताटाला तोंड लावलं नाही. थर्मामीटरने १००.२ दाखवलं. घरच्यांना हायसं वाटलं, ताप नाही. पण राणी अंग चोरून पडली होती, अधूनमधून कापत होती. आकडा एक सांगत होता आणि कुत्री दुसरंच. अशा वेळी आधी थर्मामीटरवर शंका घ्यायची. बाहेर काढलेल्या टोकाला विष्ठा लागली होती. म्हणजे टोक भिंतीला टेकलंच नव्हतं, मळात रुतलं होतं, आणि तिथला आकडा खरा ताप झाकून कमी येतो. अर्ध्या तासाने, शी करून आल्यावर, राणीला पुन्हा मोजलं. १०३.८.

चूक उलट दिशेनेही होते. पळून आलेलं, भुंकून दमलेलं किंवा दवाखान्याच्या वाटेवर घाबरलेलं कुत्रं कसलाही आजार नसताना १०३ च्या आसपास दिसू शकतं. म्हणून आधी त्याला अर्धा तास गार जागी पडू द्यावं, मग मोजावं. एरवीच्या चांगल्या दिवशी दोन-तीनदा मोजून आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा टिपून ठेवलेला असला, तर आजारपणात तुलना करायला काहीतरी हाताशी असतं.

विश्रांतीनंतरही १०३ च्या वर राहिलं की तो ताप धरायचा. कुत्रं खातंपितं आणि खेळतं असेल, तर काही तासांनी पुन्हा मोजून वाट पाहता येते. लस दिल्यानंतर एखादा दिवस असा हलका ताप येतोही. मात्र दिवस उलटूनही तो उतरला नाही, तर डॉक्टरांकडे न्यायचं. १०४ ला त्याच दिवशी. १०६ ला त्या क्षणी.

नुसत्या आकड्याच्या हिशेबाने राणीचं १०३.८ सकाळपर्यंत थांबलं असतं. पण आकड्याला एकट्याने निर्णय घेऊ द्यायचा नसतो. ती दोन दिवस भांडंच्या भांडं पाणी संपवत होती, आणि पाच आठवड्यांपूर्वी तिचा माज येऊन गेला होता. फोनवर या दोन गोष्टी ऐकताच डॉक्टरांनी रात्रीच आणायला सांगितलं. माजानंतर काही आठवडे संप्रेरकांमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड राहतं आणि त्यात जंतू शिरले तर आत पू साठतो. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर स्राव दिसतो. बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि धोका अधिक असतो. राणीचं तोंड बंद होतं. सोनोग्राफीत पू दिसला आणि शस्त्रक्रिया झाली. या आजारात कित्येक कुत्र्यांना ताप येतच नाही, त्यामुळे १०१ आलं असतं तरी तिला नेणंच योग्य ठरलं असतं.

तसंच तापाबरोबर वारंवार उलट्या, रक्ताचे जुलाब, धाप, पिवळ्या किंवा पांढऱ्याफटक हिरड्या, झटके यांतलं काही असेल, किंवा गोचीड चिकटलेलं कुत्रं एकदम मलूल पडलं असेल, तर थर्मामीटर किती दाखवतो याची वाट पाहू नये.

(दृश्य: उन्हात जीभ बाहेर काढून धापा टाकणारं कुत्रं)

उष्माघात वेगळा. तापात मेंदूच शरीराची पातळी वर सरकवतो. म्हणून कुत्रं कुडकुडतं, ऊब शोधतं, आणि त्याला थंड पाण्याने न्हाऊ घालणं त्याच्या शरीराशी भांडण्यासारखं आहे. उन्हात किंवा बंद गाडीत तापलेलं कुत्रं मात्र जोरजोरात धापा टाकतं, लाळ गाळतं, लडखडतं. त्याला तिथल्या तिथे पाण्याने भिजवून वारा घालायचा, १०३.५ च्या जवळ आलं की थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. पुढे गार करत राहिलं तर पारा नको तितका खाली घसरतो.

ताप उतरवायला घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन द्यायची नाही. पहिली यकृत आणि रक्त बिघडवते, दुसरी जठराला व्रण पाडते आणि मूत्रपिंड निकामी करते.

आणि १०४ वरून पारा ९८ वर आला, तर लगेच खूश होऊ नये. कुत्रं उठून शेपटी हलवत असेल तर पुन्हा एकदा मोजावं, टोक मळात गेलं असेल. पण पाय आणि कान गार पडलेत, हिरड्या फिकट आहेत, हाक मारली तरी मान वर होत नाही, असं असेल तर शरीर हरत चाललं आहे. ही अवस्था १०४ पेक्षा गंभीर. कुत्र्याला पांघरुणात गुंडाळून तसंच निघायचं आणि वाटेत डॉक्टरांना फोनवर दोन्ही आकडे, त्यांच्या वेळांसह, सांगायचे.