एका बुशचं ड्रॉइंग

दृश्य : कुपवाड एमआयडीसी, सांगली. लेथच्या शेजारी पाटीवर क्लिपने लावलेला कागद.

निवेदन :
हळदीच्या गिरणीत स्क्रू कन्व्हेयर असतो. त्याच्या टोकाला बसणारा हा गनमेटलचा बुश. जॉब साधा आहे, एका बाजूला कॉलर आणि मधून बोअर. ड्रॉइंगवरही मापं मोजकीच आहेत. पण यातली दोन मापं अशी आहेत की तिथेच सगळा वेळ घालवायचा, बाकीच्यांना फार वेळ द्यायचा नाही. ती कोणती, ते कागदच सांगतो.

दृश्य : ड्रॉइंगवर बोट. मध्यरेषेच्या वर तिरप्या रेघा, खाली कोरा भाग.

आधी आकार वाचूया. मध्यरेषेच्या वरचा भाग कापून दाखवलाय, खालचा बाहेरून दिसतो तसा. याला हाफ सेक्शन म्हणतात. पंचेचाळीस अंशातल्या या बारीक रेघा म्हणजे हॅचिंग. जिथे हॅचिंग, तिथे करवत धातूतून गेली असं समजायचं. बोअरमध्ये रेघ नाही, कारण तिथे कापायला काही नव्हतंच.

वरच्या भिंतीत एके ठिकाणी हॅचिंग तुटलंय. ते ऑइल होल, ४ मिलिमीटरचं. खालच्या भिंतीतही तसंच असेल का? या चित्रावरून कळणार नाही, कारण खाली सेक्शनच नाही. अंदाजाने ड्रिल लावायचं नाही, शेजारचा एंड व्ह्यू बघायचा. तिथे एकच होल आहे.

आता ⌀२५ च्या मापरेषेला एकाच टोकाला बाण आहे. दुसरं टोक मध्यरेषा थोडी ओलांडून थांबलंय, कारण समोरची कड हाफ सेक्शनमध्ये दिसत नाही. नवीन मुलं याला त्रिज्या समजतात. ⌀ हे चिन्ह असलं की तो पूर्ण व्यास असतो.

दृश्य : टायटल ब्लॉक, मग मापं एकेक करून.

लांबी ४०, कॉलरचा व्यास ४५. यांच्यापुढे टॉलरन्स लिहिलेला नाही, म्हणून खाली टायटल ब्लॉकमध्ये बघायचं. तिथे ISO 2768-m आहे. या मापांना त्याने ०.३ मिलिमीटर वर-खाली सूट मिळते. व्हर्निअरवर भागतं.

बाहेरचा व्यास मात्र ३५ p6. तक्त्यात पाहिलं तर ३५.०२६ ते ३५.०४२. दोन्ही मर्यादा अधिकच्या आहेत, आणि इथेच घोटाळा होतो. ३५ म्हटलं की हात सवयीने ३५ च्या जरा खाली जातो. हा बुश हाउसिंगच्या ३५ H7 बोअरमध्ये प्रेसने घट्ट बसायचाय. त्या बोअरची वरची मर्यादा ३५.०२५. म्हणजे बुश कितीही बारीक आणि बोअर कितीही मोठं आलं, तरी एका मायक्रॉनची पकड राहतेच. ३४.९९ चा बुश हातानेच आत जाईल आणि शाफ्टबरोबर फिरायला लागेल.

दृश्य : लेथवर फिनिश कट, लगेच मायक्रोमीटर.

जागा फक्त १६ मायक्रॉनची. आता कट संपल्याबरोबर मायक्रोमीटर लावला आणि ३५.०३० दिसलं, तर माप बरोबर आलं म्हणायचं का? जॉब कोमट असताना नाही. गनमेटल दर अंशाला लांबीच्या दशलक्ष भागांमागे सुमारे १८ भाग वाढतं. जॉब मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर ३५ च्या व्यासावर साडेबारा मायक्रॉन जास्त दिसतात. निवल्यावर तोच बुश ३५.०१८ भरेल आणि बाद होईल. म्हणून शेवटचा बारीक कट ठेवून जॉब निवू द्यायचा, मगच मोजायचं. बाहेरचा व्यास मोठा राहिला तर पुन्हा घेता येतो, लहान झाला की गेला. बोअरचं नेमकं उलट.

दृश्य : प्रेसवर बुश आणि हाउसिंग.

बोअर आहे २५ H7, म्हणजे २५.००० ते २५.०२१. कॅपिटल अक्षर भोकासाठी, लहान अक्षर शाफ्टसाठी. पण हे माप लेथवर पुरं करायचं नाही. प्रेस केल्यावर बुश दाबला जातो आणि बोअर आवळतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात टीप आहे : प्रेस केल्यानंतर रीम करा. म्हणून लेथवर २४.८ ठेवायचं, उरलेलं रीमर घेईल.

दृश्य : असेंब्ली ड्रॉइंग.

इथे बुश आणि हाउसिंगचं हॅचिंग उलट दिशांना आहे, म्हणजे भाग दोन. मधला शाफ्ट कोरा आहे, पण तो पोकळ नाही. लांबीत गेलेला शाफ्ट सेक्शनमध्ये कापून दाखवायचा नाही, असा संकेत आहे.

दृश्य : रीम झालेल्या बोअरमध्ये प्लग गेज.

रीम झालं की बोअर पुसून घ्यायचं आणि गेज लावायचा. गो बाजू आपल्या वजनाने आत जाते. नो-गो तोंडाशीच अडते.