दुसऱ्या ड्रममधला चेंडू

३० मार्च २००५. अमेरिकेतल्या पॉवरबॉल लॉटरीची सोडत झाली. पांढऱ्या चेंडूंच्या ड्रममधून पाच आकडे निघाले: २२, २८, ३२, ३३ आणि ३९. मग दुसऱ्या ड्रममधून लाल चेंडू आला. ४२.

निकाल जुळवताना लॉटरीवाले चक्रावले. पाचही पांढरे आकडे बरोबर, पण लाल चुकलेला, अशी तिकिटं एका सोडतीत चार-एक निघावीत असा त्यांचा अंदाज होता. निघाली ११०. आणि या लोकांचा लाल आकडाही बहुतेक एकच होता: ४०. काहीतरी घोटाळा आहे असं वाटणं साहजिकच होतं.

घोटाळा नव्हता. अमेरिकेतल्या चायनीज हॉटेलांत जेवण झालं की फॉर्च्यून कुकी नावाचं पोकळ बिस्किट देतात. आत एक चिठ्ठी असते, तिच्यावर भविष्याची एखादी ओळ आणि काही शुभ आकडे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या वॉन्टन फूड या कंपनीने तेच सहा आकडे असंख्य चिठ्ठ्यांवर छापले होते. कोणी कुठे जेवलं, कोणी कुठे. आकडे तेच लावले.

आता या सहा आकड्यांचं गणित पाहू. त्या वेळी पांढरे चेंडू ५३ होते, लाल ४२. ५३ मधून पाच आकडे, क्रम कसाही चालेल, अशा निवडी होतात २८,६९,६८५. लाल ड्रमला पांढऱ्या ड्रमचा पत्ताच नसतो. तिथे काहीही निघालं तरी इथे ४२ चेंडू तसेच फिरत राहतात. म्हणून गुणाकार करायचा. २८,६९,६८५ गुणिले ४२, म्हणजे १२,०५,२६,७७०. इतक्या जोड्यांपैकी एकच जॅकपॉटची.

समजा, दुसरा ड्रम नसता आणि सहाही आकडे त्याच ५३ मधून काढले असते, तर? निवडी झाल्या असत्या २,२९,५७,४८०. म्हणजे पाच आकड्यांच्या खेळापेक्षा फक्त आठपट. पाच चेंडू गेल्यावर ड्रममध्ये ४८ उरतात, मग आठपटच का? कारण एकाच ड्रममध्ये ‘सहावा’ असा खास चेंडू नसतो. सहापैकी कुठलाही शेवटी आला तरी तीच निवड, म्हणून ४८ ला सहाने भागावं लागतं. लाल चेंडूला ही सवलत नाही. त्याची जागा ठरलेली. तिकिटावर पांढऱ्यांत ४२ असेल तरी लाल ४२ साठी त्याचा काही उपयोग नाही. खेळाची सगळी मेख या वेगळ्या ड्रममध्ये आहे.

त्या ११० जणांना ४० आणि ४२ जवळचे वाटले असतील. ‘दोनानेच हुकलं!’ पण ड्रममध्ये ४० चा शेजारी कोणी नाही. १ आला काय आणि ४२ आला काय, चुकणं सारखंच. तरी कोणी रिकाम्या हाती गेलं नाही. दुसऱ्या बक्षिसाची रक्कम ठरलेली होती, त्यामुळे ८९ जणांना एकेक लाख डॉलर मिळाले. उरलेल्या २१ जणांनी जादा एक डॉलर भरून पॉवर प्ले घेतला होता, त्यांना पाच-पाच लाख. लॉटरीला हा भुर्दंड जवळपास दोन कोटी डॉलरचा पडला. जॅकपॉटचं मात्र उलट असतं. ती एकच रक्कम सगळ्या विजेत्यांत वाटली जाते. लाल ४० निघाला असता, तर यातल्या बहुतेकांना एकाच जॅकपॉटचे वाटेकरी व्हावं लागलं असतं. चिठ्ठीवरचे आकडे लावण्यातली खरी गोची हीच. त्याने जिंकण्याची शक्यता घटत नाही, वाटेकरी वाढतात.

पुढे, ऑक्टोबर २०१५ मध्ये दोन्ही ड्रम बदलले. पांढरे चेंडू ५९ वरून ६९ झाले आणि लाल ३५ वरून २६. चेंडू एकीकडे वाढवून दुसरीकडे कमी केल्यावर फिटंफाट होईल असं वाटतं. पण जॅकपॉटची शक्यता सुमारे साडेसतरा कोटींत एकवरून २९,२२,०१,३३८ मध्ये एकवर गेली, आणि त्याच वेळी कुठलं तरी बक्षीस लागण्याची शक्यता ३२ मध्ये एकवरून २५ मध्ये एक झाली. नुसता लाल जुळला तरी बक्षीस असतं ना! लाल कमी केले की छोटी बक्षिसं जास्त लोकांना लागतात. पांढरे वाढवले की जॅकपॉट न लागता आठवड्यामागून आठवडे फुगत जातो. जानेवारी २०१६ मध्ये तो दीड अब्ज डॉलरच्या वर गेला.

आता नुसत्या लाल चेंडूचं बक्षीस. चेंडू २६, म्हणजे शक्यता २६ मध्ये एक? नाही, ३८ मध्ये एक. कारण या बक्षिसासाठी पाचही पांढरे चुकावे लागतात. एखादा जुळला की तिकीट दुसऱ्या गटात जातं. सगळे पांढरे चुकण्याची शक्यता शंभरात साधारण ६८. दोन डॉलरच्या तिकिटावर हे बक्षीस आहे चार डॉलर.